ड्रॉपशिपिंग : नफा व ना-नफा-ना-तोटा बिंदू

ड्रॉपशिपिंग : स्वतःकडे माल न साठवता आधी ऑर्डर घ्यायची आणि पुरवठादाराकडून माल थेट गिऱ्हाइकाकडे पाठवायचा, अशी विक्रीची पद्धत. तिचा उगम काही लेखक टपालाने माल मागवण्याच्या अमेरिकन कॅटलॉगांत शोधतात. मात्र कोळसा, लाकूड यांसारखा अवजड माल गोदामात न उतरवता विकणारे तेथील घाऊक व्यापारी हेच तिचे जवळचे पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचे गिऱ्हाईक दुकानदार किंवा कारखानदार असे व मागणी बहुधा आधीच पक्की असे. आजच्या विक्रेत्याला मात्र प्रत्येक गिऱ्हाईक जाहिरातीतून विकत घ्यावे लागते. लासलगावच्या आडत्याशी त्याची तुलना केली जाते, ती अर्धीच खरी. आडत्याला सौदा झाल्यावर आडत मिळते. घरपोच गेलेले पार्सल नाकारले गेल्याचा भुर्दंड त्याच्यावर येत नाही.

समजा, नाशिकच्या भांडी बाजारातील पुरवठादाराकडून ३०० रुपयांना मिळणारी तांब्याची बाटली ऑनलाइन ८०० रुपयांना विकली (आकडे मानीव व जीएसटी वगळून). कुरियरचे जाण्याचे भाडे ८० रुपये धरले, तर कागदावर ४२० रुपये सुटतात. आता कॅश ऑन डिलिव्हरीच्या १०० ऑर्डरी घेऊ. एका ऑर्डरीमागे जाहिरात २०० रुपये आणि परतीचे भाडे ६० रुपये. ७० पार्सले स्वीकारली गेली, तर खरेदी वजा जाता ३५,००० रुपये उरतात. त्यांतून जाण्याचे भाडे ८,०००, परतीचे १,८०० आणि जाहिरातीचे २०,००० रुपये गेले, की हाती ५,२०० रुपये राहतात, म्हणजे पोचलेल्या बाटलीमागे जेमतेम ७४. परत आलेल्यांपैकी १० बाटल्यांना पोचे पडले व पुरवठादाराने त्या घेतल्या नाहीत, तर आणखी ३,००० रुपये जातात.

यातली मेख अशी, की जाहिरात आणि जाण्याचे भाडे सर्व १०० ऑर्डरींवर लागते, विक्रीचे पैसे मात्र ७० वरच येतात. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर दिसणारी ‘खरेदी’ ही केवळ नोंदवलेली ऑर्डर असते.

म्हणून सुरुवातीआधी दोन मर्यादा काढतात. जाहिरात वगळून उरलेले २५,२०० रुपये १०० ऑर्डरींनी भागले, की एका ऑर्डरीमागे जाहिरातीवर जास्तीत जास्त २५२ रुपये परवडतात. उलट जाहिरात २०० रुपयांवर स्थिर धरली, तर १०० पैकी किमान ६१ पार्सले पोचावी लागतात. ६० पोचली तर ४०० रुपयांचा तोटा. दोन्ही आकडे सर्व परत बाटल्या पुरवठादार घेईल असे धरून आहेत.

पोचण्याचे प्रमाण ऑर्डरीच्या तारखेनुसार गट करून, गटातील प्रत्येक पार्सल पोचल्यावर किंवा परतल्यावर मोजावे. वाटेतली पार्सले ‘पोचलेली’ धरली, तर तोट्यातला धंदाही काही आठवडे नफ्यात दिसतो, आणि त्याच काळात जाहिरातीची रक्कम वाढवली जाते.