डॅशबोर्डवर एकदम चार दिवे लागले तर: गाडीतल्या कॅनच्या दोन वायरींबद्दल

आमच्या ग्राहकांसाठी

पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची तक्रार सारखी असते. एबीएसचा दिवा लागतो, पाठोपाठ स्टिअरिंगचा, मग इंजिनाचा, आणि चालत्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येऊन बसतो. "एवढ्या गोष्टी एकाच दिवशी कशा बिघडल्या?" असं ग्राहक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा त्या बिघडलेल्याच नसतात. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींत कुठेतरी दोष असतो. या वायरी काय काम करतात आणि आम्ही कुठलाही महागडा भाग बदलण्याआधी त्या का तपासतो, ते या पत्रकात सांगितलं आहे.

एकाने मोजायचं, सगळ्यांनी वापरायचं

चाकांचा वेग एबीएस युनिट, म्हणजे ब्रेकवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक, मोजतं, कारण ब्रेक लावताना चाक घसरतंय का हे त्याला कळावं लागतं. पण तोच वेग स्पीडोमीटरला काटा फिरवायला लागतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला तो लागतो, कारण हळू चालताना स्टिअरिंग हलकं आणि वेगात असताना जड ठेवायचं असतं. इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, लागतो. ठरावीक वेगानंतर दरवाजे आपोआप लॉक होत असतील तर त्या युनिटलाही लागतो. प्रत्येकाकडे एबीएसपासून वेगळी वायर ओढायची म्हटलं, तर वायरींचा जुडगा वाढतच जाईल.

जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या वाहन अभियंत्यांच्या परिषदेत आपली पद्धत मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, थोडक्यात कॅन. १९९३ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. सगळी युनिट्स वायरींच्या एकाच जोडीला जोडायची, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढीच तिची मांडणी आहे. संदेशावर "हा स्टिअरिंगसाठी" असा पत्ता नसतो. त्यावर फक्त क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून आत काय आहे ते ठरतं. एबीएस चाकांचा वेग वायरींवर टाकतं. ज्याला तो हवा ते युनिट घेतं, बाकीची सोडून देतात. एका संदेशात जास्तीत जास्त आठ बाइट माहिती मावते. इंजिन आणि ब्रेकच्या जाळ्यावर साधारणपणे सेकंदाला पाच लाख बिट जातात, त्यामुळे असा पूर्ण संदेश सुमारे पाव मिलिसेकंदात संपतो.

दोन वायरी का?

या वायरींना कॅन-हाय आणि कॅन-लो म्हणतात. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेशाचा प्रत्येक बिट शून्य किंवा एक असतो. युनिटला शून्य पाठवायचा असेल तर ते हाय सुमारे ३.५ वर नेतं आणि लो सुमारे १.५ वर आणतं. फरक २ व्होल्टचा झाला की शून्य, फरक नसला की एक. ऐकणारी युनिट्स फक्त हा फरक पाहतात. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्यामुळे इग्निशन कॉइलचा किंवा अल्टरनेटरचा त्रास दोघींवर जवळजवळ सारखाच येतो. समजा दोन्ही एक व्होल्टने वर ढकलल्या गेल्या, तर ४.५ आणि २.५ होतील, पण फरक २ व्होल्टचाच राहील आणि संदेश बिघडणार नाही. म्हणूनच वायरिंगचं काम करताना कोणी हा पीळ उलगडून वायरी लांब-लांब नेल्या, तर आम्हाला ते चालत नाही.

जोडीच्या दोन टोकांना, बहुधा टोकाच्या युनिट्सच्या आतच, १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दरीत हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते, तसा वायरीच्या उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि पुढच्या बिटवर चढतो. रेझिस्टर तो टोकाशीच जिरवतो. पुढे मोजमापाचा विषय येईल तेव्हा हे दोन रेझिस्टर फार उपयोगी पडतात.

दोघे एकदम बोलले तर

कॅनमध्ये वाहतूक नियंत्रित करणारा कोणी मुख्य नसतो. दोन युनिट्सनी नेमकं एकाच क्षणी बोलायला घेतलं तर काय होतं, हा या पद्धतीतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग आहे. शून्य म्हणजे युनिटने वायरी जोर लावून वेगळ्या ओढणं आणि एक म्हणजे त्या सोडून देणं. त्यामुळे एकाने शून्य आणि दुसऱ्याने एक पाठवला, तर वायरींवर शून्यच दिसतो. प्रत्येक युनिट बोलताना वायरींकडे लक्षही ठेवतं.

उदाहरणादाखल एबीएसच्या संदेशाचा क्रमांक १९२ आणि दुसऱ्या एका युनिटच्या संदेशाचा २०० धरू. (खरे क्रमांक प्रत्येक गाडीत वेगळे असतात.) अकरा बिटांत ते असे लिहिले जातात:

```
१९२ : ०००११००००००
२०० : ०००११००१०००
```

पहिले सात बिट सारखेच आहेत, म्हणून दोघांनाही कोणी दुसरं बोलतंय याचा पत्ता नसतो. आठव्या बिटला एबीएस शून्य पाठवतं आणि दुसरं युनिट एक. वायरींवर शून्य दिसतो. दुसऱ्या युनिटच्या लक्षात येतं की आपण पाठवलं ते इथे नाही, आणि ते तिथेच थांबतं. एबीएसचा संदेश एकही बिट न गमावता पुढे जातो. थांबलेलं युनिट तो संपला की पुन्हा प्रयत्न करतं. म्हणजे क्रमांक जितका लहान तितका मान मोठा, आणि म्हणून तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक देतात.

चूक झाली तर

प्रत्येक संदेशाच्या शेवटी पंधरा बिटांचा पडताळा असतो. एखाद्या युनिटला तो जुळत नाही असं दिसलं, की ते वायरींवर चुकीची खूण टाकतं. मग तो संदेश सगळेच टाकून देतात आणि पाठवणारा पुन्हा पाठवतो. चाकांचा अर्धवट, बिघडलेला वेग कोणी खरा मानून वापरत नाही.

शिवाय प्रत्येक युनिट स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवतं. पाठवताना चूक झाली की आकडा आठने वाढतो, संदेश नीट गेला की एकने कमी होतो. आकडा २५५ च्या पुढे गेला की युनिट स्वतःला जाळ्यातून बाजूला काढतं. शून्यापासून सुरुवात केली तर लागोपाठ ३२ अपयश पुरतात, आणि ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊ शकतं. नियम चांगला आहे, कारण बिघडलेलं एक युनिट बाकीच्यांचा रस्ता अडवून बसत नाही. पण वायर सैल असेल तर धडधाकट युनिटही असंच गप्प होतं. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की ते अनेकदा परत बोलू लागतं, आणि "रात्री उभी केली होती, सकाळी ठीक झाली" ही तक्रार इथूनच येते.

एक गाडी, सविस्तर

आमच्याकडे आलेल्या एका गाडीत खड्ड्यांतून गेलं की वर सांगितलेले सगळे दिवे लागत. दुसऱ्या ठिकाणी एबीएस युनिट बदलायला सांगितलं होतं. स्कॅनर लावला, तर इंजिन, मीटर आणि स्टिअरिंग या तिन्ही युनिट्सनी U0121 हाच कोड नोंदवलेला. त्याचा अर्थ "एबीएसकडून संदेश येणं थांबलं" एवढाच आहे. एबीएस युनिट खराब आहे असं तो म्हणत नाही.

मग बॅटरी सोडवली, युनिट्स शांत होईपर्यंत थांबलो आणि स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटच्या ६ व १४ या पिनांमध्ये रोध मोजला. ६ म्हणजे कॅन-हाय, १४ म्हणजे कॅन-लो. टोकांचे १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात, म्हणून मल्टिमीटरने ६० दाखवायला हवेत. दाखवलेही. पण एकाने मीटरकडे पाहत राहायचं आणि दुसऱ्याने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, थोडा थोडा हलवत जायचं असं केल्यावर, इंजिनाच्या खोलीत एका जागी हात लागताच आकडा १२० वर गेला. म्हणजे त्या क्षणी एका टोकाचा रेझिस्टर जाळ्यातून सुटत होता. या गाडीत तो एबीएस युनिटच्या आतच होता.

टेप उघडल्यावर कारण दिसलं. सीएनजी किट बसवताना हार्नेस सरकवलेला होता आणि तो पत्र्याच्या ब्रॅकेटवर घासत होता. कॅन-लोचं आवरण फाटून पाणी आत गेलं होतं, तांब्यावर हिरवा थर आला होता आणि बहुतेक तारा तुटल्या होत्या. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर जोडली, सांधे पाणी जाणार नाही असे बंद केले, पीळ पुन्हा दिला आणि हार्नेस ब्रॅकेटपासून दूर बांधला. आता हलवलं तरी आकडा ६० वरच राहिला. कोड पुसले आणि त्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी फिरवली. दिवे परत लागले नाहीत. एबीएस युनिट मूळचंच आहे.

आकडे काय सांगतात, आणि काय नाही

शून्याच्या आसपास रोध आला तर हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि मग गाडी सुरूही होत नाही असं घडू शकतं. ४० ओहम आले तर कोणीतरी स्वतःचा रेझिस्टर असलेलं तिसरं उपकरण जोडलेलं असण्याची शक्यता आहे. ६० आले म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जोडी सलग आहे. एखाद्या वायरीचा बॉडीला शॉर्ट झाला असेल तर ते या मापात दिसत नाही. त्यासाठी बॅटरी जोडून, किल्ली चालू ठेवून व्होल्टेज पाहावं लागतं. चांगल्या जाळ्यात मीटर हायला २.५ च्या थोडं वर आणि लोला थोडं खाली दाखवतं, कारण ते सरासरी मोजतं.

नव्या गाड्यांत अशा अनेक जोड्या असतात आणि त्यांच्यामध्ये गेटवे नावाचं युनिट असतं. तिथे सॉकेटवरचा आकडा फक्त सॉकेटपर्यंत आलेल्या जोडीबद्दल बोलतो. आतल्या जोड्या त्यांच्या त्यांच्या कनेक्टरवर जाऊन तपासाव्या लागतात. अशा गाडीला जास्त वेळ लागतो, तो याच कारणाने.

गाडी आणताना

दिवे लागलेले असताना डॅशबोर्डचा फोटो काढून ठेवा. आमच्यापर्यंत येईस्तोवर ते विझलेले असतात. दिवे पावसात लागतात, खड्ड्यांत की गाडी धुतल्यावर, ते सांगा. नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू सांगा: सीएनजी किट, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा, नवी म्युझिक सिस्टिम, सॉकेटमध्ये कायम लावून ठेवलेलं एखादं उपकरण. अशी वस्तू बसवून घेताना कोणी पिळलेल्या जोडीच्या वायरी सोलून त्यावर चिमटा लावत असेल, तर त्याला थांबवा आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्या कामासाठी दिलेला कनेक्टर आहे का ते आधी विचारा. एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवा लागलेला असेल आणि ब्रेक किंवा स्टिअरिंग नेहमीसारखं वाटत नसेल, तर गाडी चालवत आणू नका. फोन करा, आम्ही तिथे येऊ.