मॉनिटरचं फर्मवेअर: आधी पुसायचं, मग लिहायचं

मॉनिटर कुरकुरला की हल्ली पहिला सल्ला येतो, ‘फर्मवेअर अपडेट कर.’ फर्मवेअर म्हणजे मॉनिटरच्या आतल्या चिपचा प्रोग्रॅम. मेलेल्या पिक्सेलवर किंवा कोपऱ्यातून झिरपणाऱ्या उजेडावर अपडेटचा काडीचा उपयोग होत नाही, कारण तो दोष पॅनेलचा असतो. अपडेटने चित्र आपोआप झळाळतं, हीसुद्धा अंधश्रद्धाच. सुधारतं ते मॉनिटरचं वागणं. सॅमसंगचा ओडिसी जी७ २०२० साली आला, तेव्हा पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवणारं जी-सिंक चालू असताना पडदा लुकलुकतो अशा तक्रारी झाल्या. कंपनीने त्यावर नवं फर्मवेअर काढलं. अशा ठिकाणी अपडेट जरूर करावं.

आता आत काय घडतं ते पाहू. केबलमधून आलेला सिग्नल पॅनेलला चालेल असा करून देणारी चिप म्हणजे स्केलर. तिचा प्रोग्रॅम शेजारच्या फ्लॅश मेमरीत असतो. या मेमरीची गंमत अशी, की पुसलेल्या जागी सगळे बिट १ असतात आणि लिहिताना १ चा फक्त ० करता येतो. ०१०१ चं ०१०० करायचं असेल तर ते थेट लिहिता येतं. पण ०१११ हवं असेल तर एका बिटासाठी अख्खा गट पुसावा लागतो, बहुधा ४०९६ बाइटांचा. त्यामुळे जुनं गेलंय आणि नवं पुरतं आलेलं नाही, अशी वेळ मधे येतेच. नेमकी तेव्हा वीज गेली तर स्केलरला अर्धवट प्रोग्रॅम सापडतो. सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या, न पुसलेल्या भागात असेल किंवा फर्मवेअरची दुसरी प्रत ठेवलेली असेल, तर मॉनिटर पुन्हा फाइल घेऊ शकतो. नाहीतर पडदा काळा, बटण दाबूनही मेनू येत नाही, आणि चिपमध्ये थेट प्रोग्रॅम भरून घ्यायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

फाइल स्केलरपर्यंत पोचते दोन वाटांनी. काही मॉनिटर FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरची फाइल स्वतः वाचतात, काहींना संगणकाहून येणारी यूएसबी केबल लागते. बाजूचे नेहमीचे यूएसबी पोर्ट बऱ्याचदा फक्त संगणकाच्या उपयोगाचे असतात, स्केलरला ते दिसतच नाहीत. पेनड्राइव्ह लावूनही मेनूत काही हालचाल नसेल तर मॅन्युअलमध्ये अपडेटचा पोर्ट कोणता ते बघा. मुळात ही सोय सगळीकडे नसते. एलियनवेअरच्या AW3423DW चं फर्मवेअर ग्राहकाला बदलता येत नाही. २०२२ मध्येच आलेल्या AW3423DWF चं मात्र यूएसबी केबलने बदलता येतं.

मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, स्लीप बंद करा, यूपीएस असेल तर मॉनिटर त्यावर घ्या. मधे पडदा काही मिनिटं काळा झाला तरी प्लग काढू नका. रंगाच्या सेटिंग्ज आधी लिहून ठेवा, कारण त्या पुष्कळदा मूळपदावर जातात. जुन्या आवृत्तीवर परतायला अनेक मॉनिटर नकार देतात, म्हणून अपडेटच्या माहितीत आपली तक्रार नोंदलेली नसेल तर मी तरी हात लावत नाही.