कूलंटच्या टाकीतली रिकामी जागा

कूलंटच्या टाकीवर दोन रेघा असतात, खालची ‘मिन’ आणि वरची ‘मॅक्स’. इंजिन थंड असताना पातळी खालच्या रेघेवर हवी आणि तापल्यावर ती वरच्या रेघेवर जायला हवी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ऐकायला तो पटतोही. पण बहुतेक मोटारींमध्ये या दोन्ही रेघा थंड इंजिनासाठीच असतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पातळी या दोहोंच्या मध्ये कुठेही असली की काम झाले. गरम असताना ती वरच्या रेघेच्याही वर गेली, तरी त्यात गैर काही नाही. काही टाक्यांवर ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा वेगळ्या खुणा असतात, आणि काही मोटारसायकलींच्या पुस्तिकेत इंजिन चालू तापमानाला आणून, गाडी सरळ उभी धरून पातळी पाहायला सांगितलेले असते. तिथे पुस्तिकेचेच ऐकायचे.

गरम आणि थंड यांत एवढा फरक का पडतो? कूलंट म्हणजे साधारण निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल. २० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांवर गेले की हे मिश्रण सुमारे ४ टक्के फुगते. ४ टक्के म्हणजे फार नाही असे वाटेल, पण हे टक्के टाकीतल्या कूलंटचे नाहीत, इंजिन, रेडिएटर आणि नळ्या धरून सगळ्या कूलंटचे आहेत. एकूण कूलंट ६ लिटर असेल, तर वाढ २४० मिलिलिटर होते. इंजिनाच्या आतल्या वाटा धातूच्या, त्या फारशा ताणत नाहीत. त्यामुळे हे जादा कूलंट जवळजवळ सगळे टाकीत येते.

आता टाकी आतून १० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. म्हणजे पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर ८० मिलिलिटरचा. २४० मिलिलिटर आत आले की पातळी ३ सेंटिमीटर चढते. दोन रेघांमधले अंतर ४ सेंटिमीटर असेल, तर एक गंमत होते. सकाळी थंड गाडीत कूलंट ‘मिन’च्या १ सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे कमी आहे. हीच गाडी तासभर चालवून पाहिली, तर पातळी ‘मिन’च्या २ सेंटिमीटर वर, दोन रेघांच्या बरोबर मधोमध दिसेल. पाहणारा समाधानाने बॉनेट बंद करेल. उलट सकाळी ज्या गाडीत पातळी अगदी मधोमध आहे, ती गरम झाल्यावर ‘मॅक्स’च्या १ सेंटिमीटर वर जाईल आणि कोणीतरी ‘जास्त झाले’ म्हणून कूलंट उपसून काढेल. दोन्ही वेळा डोळ्यांना दिसले ते खरेच होते, पाहण्याची वेळ तेवढी चुकली.

गरम असताना पाहून ३ सेंटिमीटर वजा केले तर चालेल का? नाही, कारण गाडी बंद केल्यावर कूलंट नेमके किती अंशांवर आहे हे कळत नाही. पंप थांबतो, पण इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. त्यामुळे पहिली काही मिनिटे इंजिनातले कूलंट आणखी तापते आणि मग हळूहळू निवते. अर्ध्या तासाने पाहिलेली पातळी ना गरमची असते, ना थंडची. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून किमान चार-पाच तास, शक्यतो रात्रभर, थांबणे हाच खरा उपाय. जुन्या टाकीच्या प्लॅस्टिकवर आतून पिवळट डागाची रेघ पडलेली असते, तीच पातळी वाटते. मागून बॅटरीचा उजेड टाकावा आणि गाडीला हलका धक्का द्यावा. हलते ती पातळी, हलत नाही तो डाग.

मग टाकी काठोकाठ भरून टाकली तर ‘कमी पडले’ ही भानगडच मिटेल, असा विचार सहज मनात येतो. इथे टाकीतल्या रिकाम्या जागेचे महत्त्व कळते. हल्लीच्या बहुतेक मोटारींत ही टाकी बंद, दाब धरणारी असते आणि दाबाचे झाकण टाकीवरच बसवलेले असते. कूलंटच्या वर जी हवा उरते, ती या यंत्रणेची गादी आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा रेटला की आतली हवा आधी सहज दबते आणि शेवटी दगडासारखी घट्ट होते. टाकीतही तसेच घडते.

समजा, थंड असताना पातळी मधोमध आहे आणि वर ८०० मिलिलिटर हवा आहे. गरम झाल्यावर कूलंट २४० मिलिलिटर जागा घेते, हवेला ५६० उरते. हवा स्वतःही तापते, तीही धरली तर तिचा दाब मूळच्या सुमारे पावणेदोन पट होतो. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो, म्हणजे हा त्याहून पाऊण बार जास्त. त्यात पाण्याच्या वाफेचा सुमारे अर्धा बार मिळवला की सव्वा बारच्या आसपास पोचतो. झाकणाची झडप १.४ बारला उघडणारी असेल, तर ती बंदच राहते. नळ्या थोड्या फुगतात, टाकी इंजिनाइतकी तापत नाही, त्यामुळे खऱ्या गाडीत आकडा जरा कमीच येतो, पण हिशेब असाच चालतो. हा दाब मुद्दाम हवा असतो. १.४ बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी १२६ अंशांच्या आसपास उकळते, आणि ग्लायकॉलमुळे मिश्रण त्याहूनही उशिरा.

आता तीच टाकी इतकी भरली की वर जेमतेम ३०० मिलिलिटर हवा राहिली. तापल्यावर तिला ६० मिलिलिटर उरायला हवे. म्हणजे दाब पाचपटीहून जास्त व्हायला हवा. तिथवर तो पोचतच नाही, कारण झडप त्याच्या कितीतरी आधी उघडते आणि जादा कूलंट बाहेर ओकून टाकते. गाडी निवली की कूलंट आकसते, आत दाब कमी होतो आणि झाकणातली दुसरी, छोटी झडप बाहेरची हवा आत घेते. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली. मालकाला वाटते गळती आहे, तो पुन्हा काठोकाठ भरतो आणि यंत्रणा पुन्हा जादा बाहेर टाकते. टाकीखाली रंगीत ओघळ आणि पातळी मात्र दर वेळी जवळपास त्याच ठिकाणी येऊन थांबलेली, असे दिसले तर आधी भरणाऱ्या हातावर संशय घ्यावा.

किती घालायचे, याचे उत्तर आता सोपे आहे. वरच्या उदाहरणात पातळी ‘मिन’च्या १ सेंटिमीटर खाली आहे. ‘मिन’पर्यंत यायला ८० मिलिलिटर लागतील, मधोमध यायला २४० आणि ‘मॅक्स’पर्यंत ४००. लक्ष्य मधोमधचे धरावे. आपल्या टाकीचे माप ठाऊक नसेल, तर मापाच्या भांड्याने १०० मिलिलिटर घालावे, पातळी किती चढली ते पाहावे आणि उरलेले त्या अंदाजाने घालावे. घालण्यापूर्वी रेडिएटरची वरची नळी दाबून बघावी. ती गार आणि मऊ असली तरच झाकणावर फडके ठेवून ते पाव फेरा फिरवावे. सुसकारा ऐकू आला तर थांबावे, तो पूर्ण थांबल्यावरच झाकण काढावे. गरम यंत्रणा उघडली की दाब एकदम जातो, खूप तापलेल्या कूलंटचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि ती वाफ उरलेले कूलंट तोंडावर फेकते. फडके इथे पुरे पडत नाही.

काय घालायचे, हेही पाहावे. डब्यावर ‘थेट वापरा’ लिहिले असेल तर तसेच, ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे करून. रंग पाहून जुळवाजुळव करू नये. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग आहे, त्याला सगळ्या कंपन्यांचा मिळून असा काही नियम नाही. ‘गुलाबी म्हणजे जास्त टिकणारे’ हा बाजारातला मंत्र आहे, रसायनशास्त्र नव्हे. पुस्तिकेत दिलेले मानक आणि डब्यावरचे मानक जुळले पाहिजे. वाटेत काहीच नसेल आणि २४० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणीच घातले, तर ६ लिटरमधले ग्लायकॉल ५० टक्क्यांवरून ४८ वर येते, एवढ्याने बिघडत नाही. पण तेवढेच मिश्रण गळत राहिले आणि दर वेळी पाणीच ओतले, तर पाचव्या खेपेला ते ४१ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि गंज रोखणारी द्रव्येही त्याच प्रमाणात विरळ होतात. सांडलेले कूलंट मात्र लगेच पुसावे. ते गोडसर आणि विषारी असते, कुत्रीमांजरे चाटतात.

घातल्यानंतर गाडी नेहमीसारखी चालवावी आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पाहावे. आत अडकलेला एखादा बुडबुडा सुटला, तर पातळी थोडी उतरते. एकदा उतरून थांबली तर ठीक. दोन-चार आठवड्यांत पुन्हा ‘मिन’खाली गेली, तर ते कूलंट कुठेतरी जात आहे. नळ्यांच्या सांध्यांवर आणि पाण्याच्या पंपाखाली वाळलेला रंगीत थर शोधावा. गाडीत गोड वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर हीटरच्या छोट्या रेडिएटरकडे पाहावे. आणि टाकी पूर्ण रिकामी असेल, तर वरचा हिशेब लागूच होत नाही. इंजिनात किती कमी आहे ते बाहेरून कळत नाही, हवाही शिरलेली असते. अशी गाडी नुसती टाकी भरून पळवू नये.

काही गाड्यांत मात्र टाकी बिनदाबाची असते. दाबाचे झाकण रेडिएटरवर असते आणि टाकीकडे एक बारीक नळी जाते. गरम झाले की कूलंट त्या नळीतून टाकीत येते, निवले की परत ओढले जाते. इथे टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असे होऊ शकते. झाकणाचे रबर गेले किंवा ती नळी चिरली, की कूलंट मागे ओढले जाण्याऐवजी हवाच ओढली जाते. ओळखायची रीत सोपी आहे. सकाळी थंड पातळीवर टाकीला चिकटपट्टी लावावी आणि तासभर गाडी चालवून पुन्हा पाहावे. पातळी चढलेली दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या सकाळी पट्टीवर परत आली पाहिजे. चढून परत न येणारी किंवा मुळीच न हलणारी पातळी दिसली, तर टाकीत काहीही न घालता, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहावे. कूलंट तिथे काठापर्यंत असायला हवे.