महिला खेळाडूंचे रूपकेंद्री वार्तांकन

महिला खेळाडूची बातमी, समालोचन, मुलाखत किंवा छायाचित्र यांत तिच्या खेळापेक्षा चेहरा, बांधा, वजन, केस आणि पोशाख यांना जास्त जागा देण्याची प्रसारमाध्यमांची सवय. यात टीका येते तशी स्तुतीही येते. एखादीला ‘कोर्टवरची सौंदर्यवती’ म्हणणे आणि दुसरीला ‘खेळाडू वाटत नाही इतकी जाड’ म्हणणे वरवर परस्परविरुद्ध वाटते. पण दोन्हींत खेळाडूचे शरीर आधी पाहायची वस्तू ठरते आणि त्या शरीराने काय करून दाखवले ते मागे पडते. ही झळ बातमीतल्या खेळाडूपुरती राहत नाही. त्या बातम्या वाचत-पाहत मैदानात उतरणाऱ्या मुली स्वतःच्या शरीराकडे कसे पाहू लागतात, हा या विषयाचा गाभा आहे.

या वार्तांकनाचे एक पुरते उदाहरण 6 जुलै 2013 रोजी घडले. विंबल्डनच्या महिला एकेरीचा अंतिम सामना फ्रान्सची मारिओन बार्तोली आणि जर्मनीची साबिने लिसिकी यांच्यात होता. सामन्याआधी बीबीसीच्या रेडिओवर समालोचक जॉन इन्व्हरडेल यांनी सहज बोलावे तसा एक तर्क मांडला: तू काही दिसायला सुंदर होणार नाहीस, रूपासाठी गाजलेल्या टेनिसपटू शारापोव्हासारखी तर नाहीच, तेव्हा तुला झुंजावे लागेल, असे बार्तोलीच्या वडिलांनी तिला लहानपणी सांगितले असेल का? हे रेडिओवर बोलले गेले, हे विसरू नये. श्रोत्यांना ती दिसतही नव्हती. तिच्या खेळाचे चित्र शब्दांनी उभे करणे हेच समालोचकाचे काम होते, आणि त्या जागी तिच्या रूपाचे माप आले. बार्तोलीने सामना 6-1, 6-4 असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत तिने एकही सेट गमावला नव्हता.

त्या वाक्यातली खरी चूक केवळ उद्धटपणाची नाही. बार्तोलीच्या झुंजार खेळाला ते वाक्य एक कारण देते, आणि ते कारण खोटे आहे. तिच्या खेळाची कारणे टेनिसची होती आणि सांगण्याजोगी होती. तिचे वडील पेशाने डॉक्टर. टेनिसचे प्रशिक्षण त्यांनी स्वतःच शिकून घेतले. मोनिका सेलेसला पाहून मुलीला त्यांनी दोन्ही बाजूंनी दोन हातांनी फटका मारायला शिकवले. ती सराव करायची ते बंदिस्त कोर्ट लहान होते आणि मागच्या रेषेपलीकडे भिंतीपर्यंत फारशी जागा नव्हती. मागे सरकून चेंडूची वाट पाहता येत नसल्याने चेंडू उसळताच, वर चढत असतानाच मारायची तिला सवय लागली. पुढे हेच तिचे हत्यार झाले: प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस ती रेषेच्या आत उभी राहून परतवायची आणि समोरच्या खेळाडूला सावरायला वेळच मिळत नसे. टेनिस शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला यातून कितीतरी घेता आले असते. तिच्यापर्यंत पोहोचले ते एवढेच, की सुंदर नसलीस तर झुंजावे लागते.

बीबीसीकडे शेकडो तक्रारी आल्या आणि माफी मागितली गेली. बार्तोलीने शांतपणे उत्तर दिले: आपण सोनेरी केसांच्या नाही हे खरे, मॉडेल होण्याचे स्वप्न आपण कधी पाहिले नाही, पण विंबल्डन जिंकण्याचे मात्र नक्की पाहिले होते. उत्तर बाणेदार होते. तरीही कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सत्तेचाळिसाव्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत पहिले विजेतेपद मिळाले असताना, तिला आपल्या रूपाबद्दल बोलावे लागले. त्यात गेलेला वेळ तिच्या फटक्यांच्या वाट्याचा होता.

स्तुतीनेही हेच होते, हे रशियन टेनिसपटू आना कुर्निकोव्हाच्या कारकिर्दीत दिसते. 1997 मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिल्याच विंबल्डनमध्ये तिने उपांत्य फेरी गाठली. एकेरीत ती जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत पोहोचली, दुहेरीत पहिल्या. मार्टिना हिंगिसबरोबर 1999 आणि 2002 मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. तरी तिचे नाव लोकांच्या ध्यानात राहिले ते छायाचित्रांमुळे आणि एकेरीचे एकही विजेतेपद न मिळाल्यामुळे. रूपाने मिळालेली प्रसिद्धी खेळाच्या मानाने जास्त वाटली, की त्याच खेळाला कमी लेखून तिचा हिशेब चुकता केला जातो. जगात दुहेरीत अव्वल ठरलेली खेळाडू ‘काहीच न जिंकलेली’ म्हणून ओळखली जावी, हा तिच्यावरचा अन्यायच आहे.

मुलींवर याचा परिणाम कसा होतो, याचे सर्वाधिक वापरले जाणारे स्पष्टीकरण बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये मांडले. त्याला मराठीत वस्तूकरणाचा सिद्धान्त म्हणता येईल. स्त्रीच्या शरीराकडे सतत वस्तू म्हणून पाहिले जाते असा अनुभव आला, की मुलगी हळूहळू पाहणाऱ्याची नजर स्वतःच उचलते आणि आपल्या शरीराकडे बाहेरून बघू लागते. यालाच स्व-वस्तूकरण म्हणतात. ते मोजण्याची एक साधी प्रश्नावली प्रचलित आहे. शरीराशी निगडित दहा गोष्टी दिलेल्या असतात: पाच दिसण्याच्या, जसे वजन, आकर्षकता, शरीराची मापे, आणि पाच क्षमतेच्या, जसे ताकद, दम, आरोग्य. स्वतःच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्रमाने त्या लावायच्या. दिसण्याच्या गोष्टी जितक्या वर जातील तितके स्व-वस्तूकरण जास्त.

फ्रेडरिकसन आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी 2005 मध्ये हे मोजमाप थेट खेळाशी जोडून पाहिले. 10 ते 17 वयाच्या 202 मुलींना त्यांनी सॉफ्टबॉल शक्य तितक्या जोरात फेकायला सांगितले. स्व-वस्तूकरण जास्त असलेल्या मुलींची फेक निकृष्ट निघाली. वय आणि आधीचा अनुभव हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. ज्याने कोणाला फेक शिकवली आहे त्याला याचे कारण लगेच उमगेल. चांगल्या फेकीचा जोर पायांतून निघतो, कंबर आणि धड वळते, खांदा मागून येतो आणि हात सर्वांत शेवटी सुटतो. त्यासाठी शरीर ऐसपैस उघडावे लागते. आपण कशा दिसतो याचे भान असलेली मुलगी धड आवरून धरते आणि नुसत्या हाताने फेकते. तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी 1980 मध्येच या आखडलेपणाचे बारकाईने वर्णन केले होते आणि तो मुलींच्या हाडामांसात नसून त्यांच्या घडणीत आहे, असे म्हटले होते.

या अभ्यासात बातम्यांचा प्रयोग नव्हता; दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच तो सांगतो. माध्यमांचा धागा एलिझाबेथ डॅनियल्स यांच्या 2009 च्या प्रयोगातून जुळतो. त्यांनी 350 किशोरवयीन मुली आणि 225 महाविद्यालयीन तरुणींना गटागटाने वेगवेगळी छायाचित्रे दाखवली. काहींना प्रत्यक्ष खेळणाऱ्या खेळाडूंची, काहींना त्याच क्षेत्रातल्या पण मादक ढंगाने टिपलेल्या खेळाडूंची, काहींना मॉडेलची. नंतर प्रत्येकीने ‘मी … आहे’ अशी स्वतःबद्दलची वाक्ये पूर्ण केली. खेळतानाची छायाचित्रे पाहिलेल्यांनी आपले शरीर काय करू शकते याबद्दल जास्त लिहिले. मादक छायाचित्रे पाहिलेल्यांच्या वाक्यांत दिसण्याचा विषय अधिक आला. खेळाडूंचे छायाचित्र कोणत्या ढंगाचे निवडले यावर पाहणारीच्या मनातले स्वतःचे चित्र बदलते, असा याचा अर्थ. हा परिणाम लगेच मोजलेला आहे आणि तो किती काळ टिकतो हे अशा प्रयोगाने ठरत नाही. पण अशी छायाचित्रे मुली एकदाच पाहत नाहीत, वर्षानुवर्षे पाहतात.

मैदानावर हे ओळखू येते. दंड जाड दिसतील या भीतीने मुलगी वजन उचलण्याचा व्यायाम टाळते, दोन फेऱ्यांच्या मध्ये सारखी चड्डी खाली ओढते, सामन्याचे चित्रीकरण दाखवले तर पायांच्या हालचालीऐवजी पोट बघते. सर्वांत गंभीर वळण खाण्याचे. सरावात खर्च होणाऱ्या शक्तीइतके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर पाळी, हाडांची बांधणी आणि प्रतिकारशक्ती यांत काटकसर करू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘रेड्स’ म्हणतात. सलग तीन महिने पाळी न येणे, किंवा मार न लागताच पायाच्या हाडाला बारीक तडा जाणे, या तिच्या ठळक खुणा आहेत. ‘सराव जास्त आहे म्हणून पाळी थांबली’ असे म्हणून ते सोडून देणे धोक्याचे. याचा सगळा दोष बातम्यांवर टाकणे मात्र बरोबर नाही. प्रशिक्षकाचे वजनाबद्दलचे शेरे, काही खेळांतली सडपातळपणाची अपेक्षा, घरातले बोलणे, हे सारे त्यात मिसळलेले असते, आणि अनेकदा अन्नाची गरज केवळ न कळल्यानेही असे घडते. तरी ज्या मुलीने बारीक खेळाडूचे कौतुक आणि भरलेल्या अंगाच्या विजेतीची टवाळी ऐकलेली असते, तिला प्रशिक्षकाचा एखादा शेराही पटकन खरा वाटतो.

सुधारणेचे प्रयत्न कॅमेऱ्यापासून सुरू झाले आहेत. ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या समान चित्रणासाठी 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2021 मध्ये त्या सुधारल्या. टोकियो स्पर्धेच्या वेळी ऑलिंपिकच्या प्रसारण संस्थेने शरीराच्या भागांवर कॅमेरा रोखू नये असे धोरण जाहीर केले. पॅरिसमध्ये 2024 साली तीच सूचना चित्रीकरण करणाऱ्यांना पुन्हा द्यावी लागली. बातमीच्या टेबलावर सोपी कसोटी पुरते: खेळाडूच्या जागी पुरुषाचे नाव घालून वाक्य वाचायचे. ते विचित्र वाटले तर ते खेळाबद्दल नाही.

पण वाक्य काढून टाकून मोकळी जागा तशीच सोडली, तर काम अर्धेच होते. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीच्या क्रीडाबातम्यांचा चेरिल कुकी, मायकेल मेसनर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 1989 पासून चालू आहे. महिला खेळाडूंच्या रूपावरचे विनोद काळाच्या ओघात कमी झाल्याचे त्यात आढळले. मात्र त्यांच्या खेळाला मिळणारा वेळ 1989 मध्ये सुमारे 5 टक्के होता आणि 2019 मध्ये 5.4 टक्के. शिवाय उरलेल्या बातम्याही पुष्कळदा पुरुषांच्या खेळाच्या बातम्यांपेक्षा सपक, उत्साह नसलेल्या भाषेत दिल्या जात होत्या. उसळता चेंडू रेषेच्या आत उभे राहून कसा मारायचा, हे त्या पाच टक्क्यांत क्वचितच कोणी सांगते.