बाजारभाव-मिश्रण

संघ जिंकण्याची आपल्या मॉडेलने काढलेली संभाव्यता आणि सट्टाबाजारातील भावातून निघणारी संभाव्यता यांना ठरावीक भार देऊन एकच अंदाज काढण्याची पद्धत. सामना सुरू होण्याच्या क्षणीचा, म्हणजे अखेरचा भाव सरासरीने वास्तवाच्या फार जवळ असतो. तोपर्यंत नाणेफेक, अंतिम संघ, खेळपट्टी आणि माहीतगारांचा पैसा हे सगळे त्यात उतरलेले असते. एखाद्या सामन्यात तो सपशेल चुकू शकतो, पण शेकडो सामन्यांत त्याला हरवणारे मॉडेल विरळाच. घोडशर्यतींच्या क्षेत्रात ही पद्धत बिल बेंटर यांच्या हाँगकाँगमधील कामावरच्या १९९४च्या निबंधामुळे प्रसिद्ध झाली. आपले मॉडेल आणि लोकांनी ठरवलेला भाव या दोहोंना त्यांनी जुन्या शर्यतींवरून भार दिले होते.

नागपूरजवळच्या जामठा मैदानावरील एक काल्पनिक टी-२० सामना घेऊ. (महाराष्ट्रात क्रिकेटवर पैसे लावणे बेकायदा आहे, इथे भाव फक्त अंदाजाचा कच्चा माल.) भारताचा भाव १.६० आणि प्रतिस्पर्ध्याचा २.४५ आहे, म्हणजे भारत जिंकला तर एका रुपयाचे एकूण १.६० रुपये परत मिळतात. त्यांचे व्यस्त ०.६२५ आणि ०.४०८, बेरीज १.०३३. एकाच्या वरचा भाग भाव देणाऱ्याचा नफा. तो काढण्यासाठी दोन्ही आकड्यांना बेरजेने भागले की बाजाराच्या मते भारताची शक्यता ६०.५ टक्के येते. आपले मॉडेल ७० टक्के म्हणते. मॉडेलला ०.२ आणि बाजाराला ०.८ भार दिला, तर मिश्रण लॉग-ऑड्सवर, म्हणजे जिंकण्याची शक्यता भागिले हरण्याची शक्यता याच्या नैसर्गिक लॉगवर, असे होते:

```
0.2*ln(0.70/0.30) + 0.8*ln(0.605/0.395) = 0.51
p = 1/(1 + e^-0.51) = 0.625
```

एकट्या मॉडेलवर विश्वास ठेवला असता, तर १.६० भावाला शंभर रुपयांमागे बारा रुपयांचा फायदा दिसला असता. मिश्रणानंतर ६२.५ टक्के येतात आणि १.६० भावाला ना नफा ना तोटा होण्यासाठी नेमके तेवढेच लागतात. फायदा नाहीसाच झाला. असे होण्यामागे कारण आहे. मॉडेल आणि बाजार यांच्यात जिथे सर्वांत मोठी तफावत दिसते, तिथेच मॉडेलकडून काहीतरी सुटलेले असण्याची शक्यताही सर्वाधिक असते. आणि माणूस नेमके तेच सामने निवडतो.

सुटलेले म्हणजे काय, ते जामठ्यावर चांगले दिसते. १५ मार्च २०१६ रोजी टी-२० विश्वचषकात न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट या वेगवान गोलंदाजांना बाहेर बसवून तीन फिरकीपटू खेळवले. भारत ७९ धावांत गारद झाला आणि दहापैकी नऊ बळी त्या तिघांनी घेतले. संघाची ही निवड नाणेफेकीच्या वेळी जाहीर होते. सकाळी चालवलेल्या मॉडेलला ती कुठून कळणार? दुसरी चूक साधी पण भोवणारी आहे. नागपुरात कसोटी सामने आधी सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर होत, २००८ पासून जामठ्यावर होऊ लागले. दोन्ही ‘नागपूर’ म्हणून एकत्र केले की मॉडेल वेगवेगळ्या खेळपट्ट्यांची सरासरी काढत बसते.

भार मनाने ठरवायचे नसतात. जुन्या सामन्यांत दोन्ही लॉग-ऑड्स घेऊन निकालावर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हार-जितीची शक्यता काढणारे सांख्यिकी तंत्र, चालवले की दोन गुणक मिळतात. त्यांची बेरीज १ यावी असे बंधन नाही. मॉडेलचा गुणक शून्याच्या आसपास आला, तर भावात नसलेले काहीही मॉडेलकडे नाही. अट एकच: मॉडेलचे आकडे त्याने आधी न पाहिलेल्या सामन्यांचे असावेत. ज्या सामन्यांवर मॉडेल शिकले त्यांच्यावरच भार काढले, तर मॉडेलचा भार उगाच फुगतो, आणि ही फसगत वर्षभर कळतही नाही.

निकालांतला योगायोग मोठा असल्याने काही शे सामन्यांवरचा गुणक डळमळीत असतो. त्यापेक्षा लवकर स्थिरावणारी एक तपासणी आहे. सकाळचा भाव ५० टक्के आणि मॉडेल ६० असताना अखेरचा भाव सरासरीने ५२ वर जात असेल, तर सकाळच्या भावापुढे मॉडेलचा भार सुमारे ०.२ धरता येतो. निकालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र ही तपासणी अखेरचा भाव बरोबर आहे असे गृहीत धरते, त्यामुळे बाजाराला कधीच न कळणारी गोष्ट मॉडेलला कळत असेल तर तिचे श्रेय इथे मिळत नाही.

भार ज्या वेळच्या भावावर काढला, त्याच वेळच्या भावाला लावायचा. अखेरच्या भावावरून मिळालेले ०.८ सकाळच्या भावाला दिले, तर त्या कच्च्या भावाला नको तितका मान मिळतो. ज्या स्पर्धांत व्यवहार तुरळक असतो, तिथे अखेरचा भावही कच्चाच राहतो. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवरून काढलेले भार विदर्भाच्या स्थानिक सामन्यांना लागू पडत नाहीत.