चित्रबंदी अरबांची नक्कल?

“बायझंटाईन सम्राटांनी मुस्लिमांचं बघूनच पवित्र चित्रांवर बंदी घातली ना?”

छे हो. बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राट तिसऱ्या लिओने तर ७१८ मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पडलेला अरबांचा वेढा मोडून काढला होता, तो त्यांची नक्कल कशाला करेल? खरी भीती देवाच्या कोपाची, ७२६ मध्ये ग्रीसच्या थेरा बेटाजवळ समुद्रात ज्वालामुखी फुटला आणि त्याला वाटलं की चित्रपूजेमुळेच देव चिडलाय, म्हणून बंदी आली. ७८७ मध्ये सम्राज्ञी आयरीनने बंदी उठवली, पण ८१३ मध्ये शेजारच्या बल्गारांनी बायझंटाईन सैन्याला झोडपलं, मग सम्राट पाचव्या लिओने हिशोब मांडला की चित्रं फोडणारे सम्राट जिंकायचे, आणि ८१५ मध्ये बंदी परत आली. शेवटी ८४३ मध्ये विधवा राणी थिओडोराने ती कायमची उठवली, अट एकच, बंदीवाल्या नवऱ्याला चर्चने शाप द्यायचा नाही. पक्की राजकारणी बाई!