झिपची सूची शेवटी का असते? दूरच्या झिपमधून एकच फाइल काढण्यामागची गोष्ट

सव्वातीन गिगाबाइटच्या आसपासची झिप कुठल्यातरी सर्व्हरवर आहे आणि तुम्हाला त्यातली पन्नास किलोबाइटची एकच फाइल हवी आहे. सारी झिप न उतरवता ती मिळते. त्यासाठी सर्व्हरवर खास काही बसवावं लागत नाही आणि झिपही वेगळ्या पद्धतीने बांधावी लागत नाही. दोन जुने निर्णय एकमेकांत बसतात म्हणून हे जमतं. पहिला निर्णय १९८९चा, दुसरा नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा. ते घेणाऱ्यांपुढचे प्रश्न अगदी वेगळे होते.

झिपच्या आधी डॉसच्या जगात एआरसी हे स्वरूप चालायचं. त्यात प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तिचा छोटा हेडर असायचा आणि सगळ्यांची मिळून एक सूची कुठेच नसायची. आत काय आहे हे पाहायचं तर पहिल्या हेडरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं शेवटपर्यंत जावं लागे. एआरसीशी सुसंगत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीवर एआरसीच्या मूळ कंपनीने १९८८ मध्ये खटला भरला. तो तडजोडीने मिटला आणि कॅट्झ यांनी १९८९ मध्ये स्वतःचं नवं स्वरूप आणलं, ते म्हणजे झिप. त्याचा तपशील त्यांनी `APPNOTE.TXT` या फाइलमध्ये सर्वांसाठी खुला ठेवला.

झिपमध्येही प्रत्येक फाइलच्या आधी स्थानिक हेडर आहेच. पण सगळ्या फाइलींनंतर एक पूर्ण सूची येते, तिला सेंट्रल डिरेक्टरी म्हणतात. तिच्याही मागे २२ बाइटांची एक अखेरची नोंद असते: सूची कुठून सुरू होते, किती मोठी आहे, तिच्यात किती फाइली आहेत. सूची शेवटी ठेवण्याचा फायदा त्या काळच्या साधनांकडे पाहिलं की लगेच कळतो. फाइली एकेक करून दाबत जाताना कुठली किती लहान होईल हे आधी माहीत नसतं, म्हणून सूची लिहिण्याची वेळ शेवटीच येते. नवी फाइल भरायची तर जुन्या सूचीच्या जागी ती लिहून मागे नवी सूची जोडली की झालं, आधीचा मजकूर हलवावा लागत नाही. शिवाय मोठी झिप अनेक फ्लॉपींवर पसरली असेल तर सूची शेवटच्या फ्लॉपीवर सापडते. अशी झिप उघडताना प्रोग्रॅम आधी शेवटची फ्लॉपी मागायचा तो यासाठीच. अखेरच्या नोंदीत ‘ही कितवी डिस्क’ आणि ‘सूची कितव्या डिस्कवर सुरू होते’ असे दोन रकाने आजही आहेत. फ्लॉपी गेल्या तरी ते रकाने शून्य भरून लिहिले जातात.

आता दुसरा धागा. सुरुवातीच्या वेबवर फाइल मागितली की अख्खीच यायची. तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवायची सोय एफटीपीत होती, एचटीटीपीत नव्हती. त्यातच पीडीएफ वेबवर आलं. पीडीएफमधल्या वस्तूंचे पत्ते सांगणारा तक्ताही मूळच्या रचनेत फाइलच्या शेवटी असतो, त्यामुळे शंभर पानांतलं एक पान दाखवायलाही शेवट हातात असावा लागे. १९९५ मध्ये आरी लुओटोनेन आणि जॉन फ्रँक्स यांनी बाइट रेंजचा, म्हणजे फाइलचा ठरावीक तुकडाच मागण्याचा मसुदा मांडला. पहिल्या रूपात रेंज पत्त्यालाच जोडलेली होती, शेवटी `;byterange=` लावून. पुढच्या मसुद्यात ती `Request-Range` या हेडरमध्ये गेली. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्या तो हेडर पाठवत असत. जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१ मध्ये अखेर `Range` हे नाव पक्कं झालं आणि अर्धवट उत्तराला `206` हा क्रमांक मिळाला. त्यातच एक छोटी सोय होती, जी आपल्या कामाची किल्ली आहे. ‘शेवटचे इतके बाइट द्या’ असं फाइलचा आकार माहीत नसतानाही सांगता येतं.

शेवटी सूची असलेली फाइल आणि शेवट मागण्याची सोय, एवढ्यावर काम होतं. एआरसीच्या धर्तीचं स्वरूप टिकलं असतं तर हवी ती फाइल शोधायला एकामागून एक हेडर मागावे लागले असते. बारा हजार फाइली असतील तर बारा हजार वेळा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. झिप ३२० कोटी बाइटांची, आत १२,००० फाइली, लिनक्सवरच्या नेहमीच्या इन्फो-झिपने बांधलेली. हवी आहे `data/2019-07.csv`. पहिली मागणी शेपटाची:

```
curl -s -r -65557 -D h.txt -o tail.bin "$URL"
```

६५,५५७ हा आकडा असा आला: अखेरची नोंद २२ बाइटांची, पण तिच्या मागे ६५,५३५ बाइटांपर्यंत टिप्पणी असू शकते. `h.txt` मध्ये `206` आणि ही ओळ दिसली पाहिजे:

```
Content-Range: bytes 3199934443-3199999999/3200000000
```

तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे फाइलचा एकूण आकार, तोही आता कळला. `tail.bin` मध्ये शेवटाकडून मागे येत `50 4b 05 06` हे चार बाइट शोधायचे. पहिले दोन म्हणजे `PK`, कॅट्झ यांची आद्याक्षरं. इथे टिप्पणी नाही, म्हणून ते अगदी शेवटच्या २२ बाइटांच्या तोंडाशी सापडतात. तिथून १२ बाइट पुढे सूचीचा आकार आहे, १३,२०,००० बाइट. १६ बाइट पुढे तिची सुरुवात, 3198679978. बेरीज करून पाहावी: सुरुवात अधिक आकार 3199999978 होते, आणि अखेरची नोंद नेमकी तिथेच सुरू होते. हा ताळा जुळला नाही तर झिपच्या आधी दुसरा काही मजकूर चिकटवलेला आहे, उदाहरणार्थ स्वतःच उलगडणाऱ्या झिपमधला प्रोग्रॅम. मग जेवढा फरक निघेल तेवढाच सगळ्या पत्त्यांत मिळवावा लागतो.

आता सूची मागायची. रेंजमधली दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून शेवटचा आकडा एकाने कमी:

```
curl -s -r 3198679978-3199999977 -o cd.bin "$URL"
```

सूचीतल्या प्रत्येक नोंदीचा ठरलेला भाग ४६ बाइटांचा आहे, मग नाव, मग जादा रकाना. आपल्या फाइलची नोंद सांगते: पद्धत ८, म्हणजे डिफ्लेट, दाबलेला आकार ४८,२१०, स्थानिक हेडरचा पत्ता 1870400512.

इथे घाई केली की चूक होते. पहिल्यांदा लिहिणारे जवळजवळ सगळेच इथे अडतात. स्थानिक हेडर ३० बाइटांचा, नाव १६ बाइटांचं, जादा रकाना सूचीत २४ बाइटांचा दिसतो, म्हणून माहिती ७० बाइटांनंतर सुरू होत असणार असं वाटतं. पण इन्फो-झिप स्थानिक हेडरमध्ये फाइल शेवटची वाचल्याची वेळही लिहितं, सूचीत ती लिहीत नाही. त्यामुळे तिथला जादा रकाना २८ बाइटांचा असतो आणि माहिती ७४ बाइटांनंतर सुरू होते. चार बाइट आधीपासून उलगडायला घेतलं की डिफ्लेट लगेच त्रुटी देतं, आणि माणूस फाइल बिघडली असं समजून भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून नाव आणि जादा रकाना यांची लांबी स्थानिक हेडरमधूनच वाचायची, २६व्या आणि २८व्या जागेवरून. फाइलचा आकार आणि सीआरसी मात्र सूचीतूनच घ्यायचे, कारण झिप वाहत्या प्रवाहात लिहिली असेल तर स्थानिक हेडरमध्ये त्या जागी शून्य असू शकतं.

हेडरसाठी वेगळी फेरी न मारता थोडं जास्त मागणं सोयीचं. हेडर, नाव आणि माहिती यांवर १,०२४ बाइटांची मोकळीक ठेवली की असं होतं:

```
curl -s -r 1870400512-1870449791 -o one.bin "$URL"
```

```
import zlib
b = open("one.bin", "rb").read()
n = int.from_bytes(b[26:28], "little")
m = int.from_bytes(b[28:30], "little")
s = 30 + n + m
out = zlib.decompress(b[s:s+48210], -15)
print(hex(zlib.crc32(out)))
```

`-15` विसरू नये. झिपमधलं डिफ्लेट उघडं असतं, झेडलिबचा स्वतःचा हेडर त्याला नसतो. छापलेला सीआरसी सूचीतल्या सीआरसीशी जुळला की फाइल खरी. तीन फेऱ्यांत मिळून १४,३४,८३७ बाइट आले. त्यातला मोठा वाटा सूचीचा आहे, फाइलचा नाही. फाइली लाखोंच्या संख्येत असतील तर सूचीच भारी पडते. एकाच झिपमधून पुन्हा पुन्हा काढायचं असेल तर ती जपून ठेवावी.

झिप चार गिगाबाइटच्या पुढे गेली किंवा आतल्या फाइली ६५,५३५ पेक्षा जास्त झाल्या की अखेरच्या नोंदीतले रकाने पुरत नाहीत. पत्त्याच्या जागी `ffffffff` दिसतं आणि खरा आकडा तिच्या आधीच्या झिप६४ नोंदीत असतो. ही सोय स्वरूपात २००१ मध्ये आली.

सर्व्हरच्या बाजूने येणारी अडचण अधिक फसवी. रेंज मानणं सर्व्हरवर बंधनकारक नाही. तो `Range` कडे दुर्लक्ष करून `200` पाठवू शकतो आणि मग सारे ३२० कोटी बाइट यायला लागतात. म्हणून पहिल्याच उत्तराचा क्रमांक तपासून `206` नसेल तर जोडणी तोडावी. ऑगस्ट २०११ मध्ये अपाची सर्व्हरमधली एक कमजोरी उघड झाली. एकाच मागणीत शेकडो एकमेकांवर येणाऱ्या रेंज लिहिल्या की सर्व्हरची मेमरी संपायची. तातडीचा उपाय म्हणून `Range` हेडरच काढून टाकायचा सल्ला दिला गेला, आणि त्यासोबत नेटस्केपच्या काळातला `Request-Range` सुद्धा, कारण अपाची तोवर तोही मानत होता.

दुसरा धोका असा की सूची वाचल्यावर आणि फाइल मागण्याआधी कुणीतरी झिप बदलली, तर जुने पत्ते नव्या फाइलला लावले जातात. पहिल्या उत्तरातला `ETag` पुढच्या प्रत्येक मागणीत `If-Match` मध्ये पाठवावा. बदल झाला असेल तर `412` येतं. याच कामासाठी अनेकदा `If-Range` सुचवला जातो, पण तो इथे चालत नाही: बदल झाला की तो अख्खी नवी फाइल पाठवायला लावतो.

हीच युक्ती पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपमध्ये २०२०च्या उन्हाळ्यात प्रयोग म्हणून आली, `fast-deps` या नावाने. पॅकेजची व्हील फाइल म्हणजे झिपच असते, आणि अवलंबित्व ठरवायला तिच्यातली `METADATA` ही छोटी फाइल पुरते. व्हीलच्या नियमांनी आधीपासूनच अशा फाइली झिपच्या शेवटाकडे ठेवायला सुचवलं होतं. कारण जुनंच: बाकी काही न हलवता त्या बदलता याव्यात. त्यामुळे एकाच शेपटात बहुतेकदा सूचीही येते आणि `METADATA` सुद्धा. २०२१च्या पेप ६५८ प्रस्तावाने ही माहिती व्हीलच्या शेजारी वेगळी फाइल म्हणून ठेवायची वाट दिली. जिथे ती ठेवलेली असते तिथे रेंजची गरज राहत नाही.